रेघ कुठे मारायची?

२०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची लोकसंख्या घ्या. तेव्हा राज्यात ३५ जिल्हे होते. प्रत्येकाचा एक उभा स्तंभ काढला आणि मोठ्याकडून लहानाकडे ओळीने लावला, तर डावीकडे ठाण्याचा १ कोटी १० लाखांचा सुळका उभा राहतो. त्याच्या शेजारी पुणे ९४ लाखांचे आणि मुंबई उपनगर त्याहून किंचित बुटके. मग एकदम उतार लागतो. नाशिक ६१ लाखांवर येते, पुढे नागपूर, नगर, सोलापूर असे करत शेवटी उजव्या टोकाला सिंधुदुर्गाचा साडेआठ लाखांचा ठेंगणा स्तंभ.

एवढ्यावर आलेख पुरा व्हायला हरकत नाही, पण सहसा तो तिथे थांबत नाही. कोणीतरी सुचवतेच की सगळ्या स्तंभांवरून एक आडवी रेघ मारू, म्हणजे कोण वर आणि कोण खाली ते दिसेल. रेघ मारायला सोपी आहे. ती सरासरीची मारायची की मध्यकाची, हे मात्र बरेचदा कोणी ठरवतच नाही. संगणकात सरासरीचे बटण आधी सापडते, म्हणून सरासरीची रेघ पडते.

आपल्या आलेखात सरासरी काढू. राज्याची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार, भागिले ३५. उत्तर येते ३२ लाख १० हजार. मध्यक काढायला भागाकार लागत नाही. उतरत्या क्रमाने लावलेल्या रांगेत मधल्या, म्हणजे अठराव्या जिल्ह्यापाशी थांबायचे. अठरावा बुलढाणा, लोकसंख्या २५ लाख ८६ हजार. दोन रेघांमध्ये सव्वासहा लाखांचे अंतर पडले. स्तंभ तेच, आकडे तेच.

आता या अंतरात कोण सापडले ते पाहा. मुंबई शहर, सातारा, अमरावती, सांगली, यवतमाळ आणि रायगड. सरासरीची रेघ मारली तर हे सहाही जिल्हे रेघेखाली जातात आणि मध्यकाची मारली तर सहाही वर येतात. सरासरीच्या वर फक्त अकरा जिल्हे उरतात, नांदेड त्यातला शेवटचा. खाली चोवीस. हाच आलेख वरच्यांना हिरवा आणि खालच्यांना लाल रंग देऊन छापला, तर वाचकाच्या मनावर लाल रंगच ठसेल आणि ‘दोन तृतीयांश जिल्हे सरासरीपेक्षा लहान’ असा मथळा आपोआप सुचेल. मथळ्यात चूक काहीच नाही. पण तो वाचून जिल्हे लहान आहेत असे वाटते. खरी गोष्ट एवढीच, की तीन जिल्हे अवाढव्य आहेत.

ते तीन बाजूला काढून बघा. ठाणे, पुणे आणि मुंबई उपनगर वगळून उरलेल्या ३२ जिल्ह्यांची सरासरी काढली, तर ती ३२.१ लाखांवरून धाडकन २५.८ लाखांवर येते, म्हणजे मघाच्या मध्यकाला जवळजवळ चिकटते. मध्यकाचे मात्र फारसे काही बिघडत नाही. तो २५.९ वरून २५.२ लाखांवर सरकतो. सरासरीची रेघ उंच का होती, याचे उत्तर या वजाबाकीत आहे: तीन स्तंभांनी ती वर ओढून धरली होती. रेघ कोणाच्या जोरावर उभी आहे, अशी शंका आली की हीच परीक्षा करावी. दोन-तीन टोकाचे स्तंभ झाकायचे आणि रेघ किती हलते ते पाहायचे.

दोन्ही रेघा डोळ्यांना वेगवेगळे हिशेब दाखवतात. सरासरीची रेघ क्षेत्रफळाचा हिशेब करते. रेघेच्या वर जेवढे स्तंभ बाहेर आले आहेत, तेवढेच खड्डे रेघेखाली असतात. ठाण्याचा रेघेवरचा साडेअठ्ठ्याहत्तर लाखांचा तुकडा कापून खाली टाकला, तर सिंधुदुर्ग, गडचिरोली आणि हिंगोली या तिघांचे खड्डे भरून वर तेरा लाख उरतात. मध्यकाची रेघ डोकी मोजते. तिच्या वर सतरा, तिच्या खाली सतरा. ठाणे एक कोटीचे असो की पाच कोटींचे, मध्यकाच्या लेखी ते रेघेवरचे एक डोके.

म्हणून मध्यकाच्या रेघेवरून ‘अर्धे जिल्हे खाली’ अशी बातमी कोणी केली, तर हसून सोडून द्यावी. अर्धे खाली असणारच, त्यासाठीच ती रेघ मारली. तिचा उपयोग वेगळा आहे. एखाद्या जिल्ह्याला विचारायचे असते की महाराष्ट्रातल्या साधारण जिल्ह्याच्या तुलनेत तू केवढा? साताऱ्याने हा प्रश्न विचारला तर मध्यक सांगतो, साधारणापेक्षा मोठा. सरासरी सांगते, लहान. माझ्या मते इथे मध्यकाचे उत्तर खरे आहे, कारण साताऱ्याहून मोठे जिल्हे फक्त बाराच आहेत.

मध्यकालाही एक खोड आहे. बुलढाण्याचा स्तंभ बरोबर रेघेला टेकतो आणि एकोणिसावे बीड तिच्याखाली जाते. दोघांत फरक आहे जेमतेम बाराशे माणसांचा, २६ लाखांच्या जिल्ह्यात बाराशे! कागदावर दोन्ही स्तंभ हुबेहूब दिसतील, पण रंग दिले तर बीड लाल होईल. रेघेच्या आसपास दाटी असेल तेव्हा वर-खाली असे दोन रंग देऊच नयेत, रेघ कुठलीही असली तरी.

मग सरासरीची रेघ कधीच मारू नये का? तसे नाही. जिथे एक ठरावीक एकूण आकडा सगळ्यांत वाटायचा असतो, तिथे तीच हवी. लोकसभेचे मतदारसंघ घ्या. गेली फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली. तेव्हा महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाख होती आणि जागा ४८. भागाकार केला की एका मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे २० लाख १८ हजार माणसे येतात. मतदारसंघांचे स्तंभ काढून त्यावर ही रेघ मारली, तर तिचा अर्थ स्वच्छ आहे: हा न्याय्य वाटा, आणि कोण त्यापासून किती ढळले आहे ते पाहा. इथे एखादा मतदारसंघ अवाढव्य असेल, तर त्याने रेघ ओढली म्हणून तक्रार करता येत नाही. तिथली जादा माणसे दुसरीकडच्या कमतरतेतूनच आलेली असतात आणि तेच दाखवायचे असते. मध्यकाला या आलेखात काही कामच नाही.

जिल्ह्यांचे तसे नसते. जिल्हा कोणी समान वाटे करून आखलेला नसतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला तेव्हा हे छान दिसले. २०११ चेच आकडे नव्या हद्दींनी मांडले, तर ठाणे सुमारे ८१ लाखांचे होते आणि पालघर सुमारे ३० लाखांचा. राज्यात एक माणूस वाढला नाही की घटला नाही. तरी सरासरी ३५ ऐवजी ३६ ने भागल्यामुळे ३१.२ लाखांवर उतरली. मध्यक उलट चढला. पालघर रांगेत वरच्या अर्ध्यात जाऊन बसला, मधली जागा रायगड आणि बुलढाण्याच्या मध्ये सरकली आणि दोघांचा मध्य धरून नवा मध्यक २६.१ लाख झाला. एक रेघ खाली, एक वर. कारण काय, तर नवे जिल्हाधिकारी कार्यालय. दोन वेगवेगळ्या वर्षांचे आलेख शेजारी ठेवून ‘सरासरी जिल्हा लहान झाला’ असे म्हणण्याआधी जिल्हे मोजून पाहावेत.

तक्त्यात रेघ आणायची रीत सोपी आहे. शेजारच्या रकान्यात सगळ्या ओळींना एकच आकडा भरायचा आणि तो रकाना आलेखात रेघ म्हणून दाखवायचा. सूत्र यांपैकी एक:

```
=AVERAGE($B$2:$B$36)
=MEDIAN($B$2:$B$36)
```

डॉलरची चिन्हे विसरली तर सूत्र खाली ओढताना कक्षा सरकत जाते आणि रेघ आडवी न राहता वाकडी होते. ही चूक निदान दिसते तरी. दुसरी चूक लपून बसते. सरकारी तक्त्यात शेवटची ओळ ‘एकूण’ची असते आणि कक्षा B37 पर्यंत गेली की तीही छत्तिसावा जिल्हा होऊन बसते. सरासरी मग ६२.४ लाखांवर उडी मारते आणि नाशिकसुद्धा रेघेखाली जाते, तेव्हा माणूस चमकतो. मध्यक मात्र २५.९ वरून २६.१ वर जातो आणि कोणाला पत्ताही लागत नाही. एका टोकाच्या आकड्याला न बधणे हा त्याचा गुण, तोच इथे चूक झाकतो. त्यामुळे मध्यकाचीच रेघ छापायची असली तरी बाजूला सरासरी काढून तिला जिल्ह्यांच्या संख्येने गुणावे. राज्याचा एकूण आकडा आला तर कक्षा बरोबर.

स्तंभ माणसांचे नसून दराचे असले, तर तिढा आणखी वाढतो. त्याच जनगणनेतली लोकसंख्येची घनता घ्या. मुंबई उपनगरात चौरस किलोमीटरला २०,९८० माणसे, मुंबई शहरात १९,६५२. बाकीच्या ३३ जिल्ह्यांत एकही माणूस राहत नाही असे धरले, तरी या दोघांच्या जोरावर स्तंभांची सरासरी १,१६१ येते. तिसऱ्या क्रमांकाच्या ठाण्याची घनता १,१५७ आहे. म्हणजे दोन स्तंभ रेघेवर आणि तेहतीस रेघेखाली, ठाण्यासकट. या रेघेवर ‘राज्याची सरासरी’ असे लिहिले तर ते चक्क खोटे ठरेल, कारण राज्याची घनता ३६५ आहे. ती काढायला सगळी माणसे भागिले सगळी जमीन, असा हिशेब लागतो. स्तंभांच्या बेरजेला ३५ ने भागले, की गडचिरोलीची अफाट जमीन आणि मुंबई शहराची चिंचोळी पट्टी एका मापाची धरली जाते. या आलेखात मी मध्यकाची रेघ मारेन, ३६५ ची दुसरी तुटक रेघ तिच्याजवळ काढेन आणि दोन्हींवर त्यांची नावे लिहीन. स्तंभांच्या सरासरीची रेघ इथे काढणार नाही.