परदेशातील शाळेसाठी दाखला : आधी सही-शिक्के, मग भाषांतर

सोलापुरातून आखाती देशात नोकरीला गेलेले अब्बा वर्ष-दोन वर्षांनी बायको-मुलांनाही बोलावून घेतात. तिकडची शाळा ‘ट्रान्सफर सर्टिफिकेट’ मागते आणि इथे हातात असतो मराठीतला शाळा सोडल्याचा दाखला. घाबरू नका. आपल्या राज्य मंडळाच्या शाळांत हाच दाखला ते काम करतो. मात्र भाषांतरात त्याचं नाव बदलून ‘ट्रान्सफर’ लिहू नये. मूळ कागदाशी मेळ बसत नाही. त्याऐवजी मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर इंग्रजीत दोन ओळींचा खुलासा घ्यावा.

बरेच पालक दाखला मिळाला की लगेच भाषांतर करून मोकळे होतात. मग तिकडची शाळा शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागते. ती मूळ दाखल्यावर येते, भाषांतरात तिचा पत्ताच नसतो, आणि भाषांतराचे पैसे पुन्हा मोजावे लागतात. म्हणून जिल्हा परिषदेतून (माध्यमिक शाळा असेल तर माध्यमिक विभागातून) सही-शिक्का आधी घ्या. भाषांतरात शिक्क्यातला मजकूर, जावक क्रमांक, तारीख, सगळं आलं पाहिजे. पुढचे शिक्के देशाप्रमाणे बदलतात. सौदी अरेबिया 2022 पासून अपोस्टिल मानतो; संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, तिथे दूतावासाचा शिक्का लागतो. कुठपर्यंतचे शिक्के हवेत, ते प्रवेश घेणाऱ्या शाळेकडून लेखी मागवा.

खरा घोळ नावात होतो. समजा दाखल्यावर ‘शेख आयेशा सलीम’ आहे. भाषांतरकाराने ते तसंच उतरवलं, तर तिकडचा क्लार्क शेवटचा शब्द, म्हणजे वडिलांचं नाव, आडनाव समजतो. शिवाय पासपोर्टवर शेख हे ‘एस-एच-ए-आय-के-एच’ असतं आणि भाषांतरात ‘एस-एच-ई-आय-के-एच’ येतं. एकाच मुलीची दोन नावं झाली! भाषांतरकाराला पासपोर्टची झेरॉक्स द्या, स्पेलिंग त्यातलंच घ्यायला सांगा, आणि आडनाव, नाव, वडिलांचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहून घ्या.

पण मूळ दाखल्यातच जन्मतारीख किंवा नाव चुकलं असेल, तर भाषांतरकार काही करू शकत नाही. त्याने करूही नये. दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून निघतो आणि शाळा सोडल्यावर त्यात दुरुस्ती करणं फार अवघड जातं. म्हणून दाखल्याचा अर्ज देण्याआधीच रजिस्टरमधली नोंद पासपोर्टशी ताडून पाहा.

इयत्तेचा रकानाही नीट वाचा. ‘सातवीत शिकत होती’ आणि ‘सातवी उत्तीर्ण’ यात एका वर्षाचा फरक आहे. निकाल लागला असेल तर शेऱ्यात ‘सातवी उत्तीर्ण, आठवीसाठी पात्र’ असं शाळेकडूनच लिहून घ्या. नाहीतर तिकडे मुलीला पुन्हा सातवीत बसवू शकतात. सोबत गुणपत्रकाचंही भाषांतर जोडा.