फुफ्फुसात पाणी: दाब वाढला की पडदा फाटला?

फुफ्फुसातले वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये अतिशय पातळ पडदा असतो. प्राणवायू या पडद्यातून रक्तात जातो आणि रक्तातले थोडे पाणी सतत बाहेर झिरपत असते. ते पाणी लसिकावाहिन्या वाहून नेतात, म्हणून वायुकोश कोरडे राहतात. ही व्यवस्था दोन प्रकारे कोलमडते. हृदयाचा डावा कप्पा रक्त पुढे ढकलू शकला नाही, तर मागे फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांत दाब साचतो. तो साधारण 18 मिमी पाऱ्याच्या पुढे गेला की पाणी निघून जाण्यापेक्षा वेगाने झिरपू लागते. हा कार्डिओजेनिक पल्मनरी इडीमा. दुसऱ्या प्रकारात दाब ठीक असतो, पण न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, स्वादुपिंडाची सूज किंवा श्वासनलिकेत गेलेली उलटी यांमुळे पडद्यालाच इजा होते. मग पाण्याबरोबर प्रथिनेही वायुकोशात उतरतात. हा नॉन-कार्डिओजेनिक प्रकार. त्याचे सर्वांत महत्त्वाचे रूप म्हणजे एआरडीएस. घरात ज्याला सहसा ‘छातीत पाणी’ म्हणतात आणि जे सुईने काढता येते, ते फुफ्फुसाच्या आवरणातले पाणी असते. वायुकोशातले पाणी सुईने निघत नाही.

दोन्ही रुग्ण सारखेच धापा टाकतात, दोघांच्याही छातीत चरचर ऐकू येते आणि एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसे पांढुरकी दिसतात. उपचार मात्र बऱ्याच अंशी वेगळे आहेत, त्यामुळे पहिल्या तासातला निर्णय मोलाचा असतो.

सर्वांत जास्त सांगून जातो तो घटनाक्रम. हृदयाचा रुग्ण बहुधा मध्यरात्री गुदमरून उठतो, आडवे होऊ शकत नाही, खिडकीपाशी बसून राहतो. गेले काही दिवस उशा वाढल्या होत्या, पायावर सूज होती, गोळ्या संपल्या होत्या किंवा छातीत दुखले होते, असे विचारल्यावर कळते. त्याला दरदरून घाम सुटलेला असतो, हातपाय गार असतात, रक्तदाब अनेकदा खूप चढलेला असतो, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात आणि क्वचित गुलाबी फेस येतो. स्टेथोस्कोपने हृदयाचा तिसरा ठोका ऐकू आला तर निदान बरेच पक्के होते. पण चरचरणाऱ्या छातीत तो सापडणे कठीण, त्यामुळे तो ऐकू आला नाही एवढ्यावरून हृदयाला निर्दोष ठरवू नये. एआरडीएसच्या रुग्णाची गोष्ट दुसऱ्याच आजारापासून सुरू होते: काही दिवस ताप, खोकला, पोटदुखी, आणि नंतर धाप. संसर्ग असेल तर हातपाय बऱ्याचदा गरम लागतात. मास्कने भरपूर प्राणवायू देऊनही बोटावरच्या यंत्रातला आकडा फारसा वर चढत नाही.

संशय उरला की रक्तातल्या नॅट्रियुरेटिक पेप्टाइडची तपासणी मदतीला येते. हृदयाच्या कप्प्याची भिंत ताणली गेली की तिच्यातल्या पेशी हे संप्रेरक सोडतात. लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकणे व रक्तवाहिन्या सैल करणे हे त्याचे काम. 1988 मध्ये जपानी संशोधकांनी ते प्रथम डुकराच्या मेंदूत शोधले, म्हणून नावात ‘ब्रेन’ राहिले आणि बीएनपी हे लघुरूप रूढ झाले. तातडीच्या रुग्णात बीएनपी 100 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली, किंवा एनटी-प्रोबीएनपी 300 च्या खाली असेल, तर धाप हृदयामुळे असण्याची शक्यता फार कमी. बीएनपी 400 च्या वर असेल तर हृदयाकडे बोट जाते. ही तपासणी हृदयाला वगळण्यासाठी जितकी चांगली, तितकी त्याच्यावर ठपका ठेवण्यासाठी नाही. मूत्रपिंड मंदावले, वय जास्त असले, हृदयाचे ठोके अनियमित असले किंवा गंभीर संसर्ग असला, तरी आकडा चढतो. एआरडीएसमध्ये उजव्या कप्प्यावर ताण येतो, तेव्हाही तो वाढतो. उलट लठ्ठ माणसात तो कमी दिसतो, आणि काही मिनिटांत भरलेल्या फुफ्फुसात त्याला वाढायला वेळच मिळालेला नसतो.

एक नमुन्याचा रुग्ण घेऊ. 68 वर्षांची बाई, जुना रक्तदाब. लघवीच्या संसर्गाने तीन दिवस ताप, दाखल होताना रक्तदाब 84/50, म्हणून तिला तीन लिटर सलाइन दिले गेले. दुसऱ्या दिवशी श्वास मिनिटाला 36, प्राणवायूची पातळी 84 टक्के, रक्तदाब 104/60. वय, रक्तदाबाचा इतिहास आणि दिलेले सलाइन पाहता हृदयावर संशय जाणे स्वाभाविक. बीएनपी 310, म्हणजे 100 ते 400 च्या मधला, काहीच न ठरवणारा, क्रिएटिनिन 1.9 असल्याने तो थोडा फुगलेलाही असणार. आता खाटेजवळच्या खुणा बघायच्या: हात गरम, ताप आहे, मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत, ईसीजीत नवा बदल नाही. छातीच्या सोनोग्राफीत पाणी दाखवणाऱ्या उभ्या रेषा आहेत, पण तुकड्यातुकड्यांनी. मधे निरोगी भाग सुटलेले, आणि फुफ्फुसाच्या आवरणाची रेषा खडबडीत. हृदयाच्या पाण्यात या रेषा दोन्ही बाजूंना सारख्या पसरतात आणि आवरण गुळगुळीत असते. टूडी एकोत डावा कप्पा चांगला आकुंचन पावतो आणि त्यातला दाब वाढल्याच्या खुणा नाहीत. निष्कर्ष: संसर्गातून आलेला एआरडीएस.

हिला नायट्रोग्लिसरीन लावले असते तर आधीच खाली असलेला रक्तदाब कोसळला असता. तिला हवे योग्य प्रतिजैविक, संसर्गाचा उगम साफ करणे, आणि फुफ्फुस बरे होईपर्यंत जपून दिलेला श्वास. व्हेंटिलेटर लागला तर प्रत्येक श्वास उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या किलोमागे सुमारे 6 मिलिलिटर ठेवतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात 12 मिलिलिटरऐवजी 6 दिल्याने मृत्यू सुमारे 40 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. आजार तीव्र असेल तर रुग्णाला दिवसातले किमान 16 तास पालथे झोपवतात. रक्तदाब स्थिरावला की सलाइन आवरते घेतात आणि गरजेपुरते लघवीचे औषधही देतात. त्याने व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी होतात, पण फाटलेला पडदा त्याने सांधत नाही.

हृदयाच्या रुग्णाचा उपचार मात्र दाब उतरवण्याचा. त्याला बसते करायचे, घट्ट मास्कमधून दाबाने हवा द्यायची, फ्युरोसेमाइड शिरेतून द्यायचे, आणि रक्तदाब चढलेला असेल तर नायट्रोग्लिसरीन. बऱ्याच जणांना तासा-दोन तासांत उतार पडतो. पण मूळ कारण हाताळले नाही तर पाणी परत भरते; हृदयविकाराचा झटका असेल तर बंद धमनी उघडावीच लागते.

कारण ओळखल्याने काय साधते, हे कोकणाने पाहिले आहे. लाल विंचू चावल्यावर काही तासांत फुफ्फुसात पाणी भरून मुले दगावत. विषामुळे शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते, हे ध्यानात घेऊन महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन वापरले आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते मांडले. साध्या, स्वस्त गोळीने मृत्यू झपाट्याने घटले.

रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्यांनी चार गोष्टी सांगाव्यात: धाप कधी आणि कशी सुरू झाली, आडवे होता येते का, आधी ताप होता का, आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या किंवा बंद पडल्या. जुना एकोचा कागद आणि गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्याव्यात.