कुलूपबंद पडद्यावरचे वेळापत्रक

शाळेने पाठविलेल्या वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट टॅबलेटचा वॉलपेपर म्हणून लावला, की सोमवार व शनिवार अदृश्य होतात आणि मधलेच वार तेवढे ठळक दिसत राहतात, असा अनुभव अनेक पालकांना येतो. आणि याचे कारण यंत्रातील बिघाड नसून निव्वळ भूमिती आहे.

वॉलपेपराचा नियम असा, की चित्राने पडदा पूर्ण व्यापलाच पाहिजे. आकार जुळत नसेल तर यंत्र चित्र वाढविते आणि बाहेर उरलेला भाग छाटून टाकते. १९२० × १२०० बिंदूंच्या, १०.१ इंची टॅबलेटचे उदाहरण घेऊ. तो उभा धरून काढलेला स्क्रीनशॉट १२०० बिंदू रुंद व १९२० उंच असतो. टॅबलेट आडवा ठेवताच रुंदी भरून काढण्यासाठी तोच स्क्रीनशॉट ३०७२ बिंदू उंच होतो, पैकी १२०० तेवढे दिसतात, म्हणजे सुमारे दोन-पंचमांश. तासांची वरची ओळ आणि सहा वार अशा सात ओळींनी स्क्रीनशॉट भरला असेल, तर बुधवार सबंध राहतो, मंगळवार व गुरुवार किंचित कापले जातात आणि तासांच्या ओळीसह बाकीचे सारे हद्दपार होते.

म्हणून टॅबलेट मेजावर ज्या स्थितीत राहणार, त्याच स्थितीत स्क्रीनशॉट घ्यावा. प्रेझेंटेशनच्या कोऱ्या पानाचे माप १६ × १० ठेवून त्यावर वेळापत्रक नव्याने मांडावे, पान पडदाभर उघडावे आणि मग स्क्रीनशॉट घ्यावा. तो बिंदूबरहुकूम जुळतो. वरचा तिसरा हिस्सा मात्र मोकळा सोडावा, कारण तेथे घड्याळ व तारीख उमटतात. वॉलपेपर लावताना केवळ लॉक स्क्रीनची निवड करावी, होम स्क्रीनवर चिन्हांची दाटी मजकुरावर बसते.

आता अक्षराचे माप. निरोगी डोळा ज्या सर्वांत लहान अक्षराची आकृती ओळखू शकतो, ते डोळ्याशी सुमारे ५ कलांचा कोन करते. ६० सेंटिमीटरवरून हे माप जेमतेम ०.९ मिलिमीटर भरते. परंतु ओळखणे निराळे आणि ओझरत्या नजरेत वाचणे निराळे. त्यासाठी सुमारे तिप्पट, म्हणजे ३ मिलिमीटर, आपल्या टॅबलेटवर २६ बिंदू धरावेत, आणि तेही वेलांटी-रफार वगळून. आडव्या पडद्याची रुंदी सुमारे २१८ मिलिमीटर असते. वारांचा एक व तासिकांचे आठ असे नऊ स्तंभ केले, तर प्रत्येकी २४ मिलिमीटर येतात आणि त्यांत ‘समाजशास्त्र’ सुखाने मावते. शिक्षकांची नावे व खोल्यांचे क्रमांक घुसविले, की अक्षर आक्रसते. माझ्या मते त्यांना येथे थारा देऊच नये.

तयार झालेले चित्र दुसऱ्या टॅबलेटवर न्यायचे असेल, तर व्हॉट्सअॅपवरून छायाचित्र म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. छायाचित्र दाबून लहान करताना चित्राचे ८ × ८ बिंदूंचे चौकोन पाडून त्यांतील बारीक फरक गाळले जातात. आणि अक्षराची तीक्ष्ण कड हाच तो बारीक फरक असल्याने काळ्या रेघेभोवती करडे धुके दिसू लागते.