निराधारांचा पगार अडला कुठे?

तालुक्याच्या गावी बातमीदारी करणाऱ्याकडे ही तक्रार अधूनमधून येतेच. "चार महिने झाले, पगार नाही आला." पगार म्हणजे संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे विधवा आणि वृद्धांना मिळणारे दरमहा दीड हजार रुपये. 2023 च्या जुलैपर्यंत ते हजार होते. सांगणारी बहुधा विधवा किंवा पासष्टी ओलांडलेली बाई असते, आणि तिच्या बीपीच्या गोळ्या नि महिन्याचा किराणा त्याच पैशांवर चालतो. पेपरात याची बातमी येते ती ठरलेल्या साच्यात. 'निराधारांचे अनुदान रखडले' असा मथळा आणि खाली तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांचा फोटो. वाचणाऱ्याला हळहळ वाटते, पण पैसे नेमके कुठे अडले ते कुणालाच कळत नाही. ते कळेपर्यंत तहसीलदारांना विचारावा असा प्रश्नही तयार होत नाही, आणि मग त्यांचं उत्तर 'लवकरच जमा होतील' याच्या पुढे जात नाही.

म्हणून सुरुवात पासबुकापासून करायची. एक काल्पनिक गाव धरू. त्यात सांगतो ते प्रकार मात्र खेड्यापाड्यांत घडणारेच आहेत. तक्रार करणाऱ्या आजींसोबत आणखी अकरा जणांची पासबुकं गोळा केली. पहिलं काम म्हणजे ती बँकेत नेऊन नोंदी छापून घेणं. पुष्कळांच्या पासबुकात कित्येक महिन्यांत काही उमटलेलं नसतं. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावल्यावर समोरचा जे तोंडी सांगेल तीच त्यांची माहिती. छापल्यावर दिसतं की बारांपैकी दोघांचे पैसे आलेलेच आहेत. या दोघांना बातमीतून बाहेर काढायचं. त्यांना 'वंचित' म्हणून छापलं, तर कचेरी तेवढ्या दोन नावांवर बोट ठेवून अख्खी बातमी खोटी ठरवील.

उरलेल्या दहांची शेवटची जमा कधीची, ते एका कागदावर ओळीने मांडायचं: योजना, प्रवर्ग, शेवटच्या नोंदीची तारीख, रक्कम. सहा जणांची नोंद एकाच महिन्यानंतर थांबलेली आहे. चौघांची वेगवेगळ्या महिन्यांत थांबली आहे. इथे एका तक्रारीच्या दोन तक्रारी होतात आणि दोन्हींची कारणं निराळी असतात.

सहा जण एकदम थांबले, याचा अर्थ अडचण त्यांच्या कागदपत्रांत नाही, ती वरून येणाऱ्या पैशांत असण्याची शक्यता जास्त. पण मग शेजारणीला पैसे कसे मिळाले? गावात हाच प्रश्न सर्वांत जास्त संशय पेरतो. 'तिने कुणाला तरी दिले असतील,' असं बोललं जातं. खरं कारण पुष्कळदा अंदाजपत्रकात असतं. या योजनांची तरतूद सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली होते. एका शीर्षाचा निधी आला आणि दुसऱ्याचा नाही आला, तर एकाच गल्लीतल्या एका घरात पैसे पोचतात आणि दुसऱ्यात नाही. म्हणून कागदावर प्रवर्गाचा रकाना हवा. सहाही जण एकाच प्रवर्गातले निघाले, तर बातमीचा धागा हाती लागला. आणखी एक गोष्ट पाहायची. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांच्या दीड हजारांत केंद्राचे 200 रुपये असतात, ऐंशी पूर्ण झाली असेल तर 500. त्यामुळे खात्यात दीड हजारांऐवजी फक्त छोटी रक्कम दिसली, तर राज्याचा वाटा राहिला आहे का, हे विचारावं लागतं.

वेगवेगळ्या महिन्यांत थांबलेल्या चौघांची गोष्ट वेगळी. पूर्वी तहसील कचेरी बँकेला याद्या पाठवायची. आता पैसे डीबीटीने आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलं गेलं, त्या खात्यात. एका आजींचं असं दुसरंच खातं मध्यंतरी उघडलं गेलं होतं आणि त्यांचा पगार त्यात साठत होता. दोघांचं आधार कुठल्याच खात्याशी जोडलेलं नव्हतं. चौथ्यांचा हयातीचा दाखला वेळेत पोचला नव्हता. खातं आधारशी जोडलेलं आहे की नाही, हे बँकेत विचारून त्याच दिवशी कळतं.

एवढं झालं की कचेरीत जायचं. संजय गांधी शाखेच्या टेबलावरचा कारकून मनमोकळेपणाने बरंच सांगतो, आणि त्याचा उपयोग वाट समजायला होतो. पण ते शासनाचं उत्तर नव्हे आणि त्या माणसाला अडचणीत आणणं बरोबर नाही. उत्तर तहसीलदारांचं हवं, तेही लेखी प्रश्नांवर. या गावासाठी प्रश्न असे होतील: अमुक प्रवर्गाचा कोणत्या महिन्यापर्यंतचा निधी तालुक्याला मिळाला? न मिळालेल्या निधीची मागणी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे कोणत्या तारखेला केली? तालुक्यात आधार न जोडल्यामुळे किती लाभार्थींचे पैसे थांबले आहेत आणि त्यांना ते कसं कळवलं? पत्राची पोच घ्यायची आणि उत्तराला दोन-तीन कामाचे दिवस द्यायचे.

समजा उत्तर आलं: 'शासनाकडून निधी अप्राप्त.' हे उत्तर जसंच्या तसं छापायचं, पण तपासून. सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग निधी वितरणाचे शासन निर्णय काढतो आणि ते maharashtra.gov.in वर कुणालाही पाहता येतात. त्या महिन्याचा, त्या लेखाशीर्षाचा निर्णय निघालेला दिसला, तर तहसीलदारांना त्याचा क्रमांक देऊन पुन्हा विचारायचं. निर्णय निघाला याचा अर्थ पैसे हाती पडले असा नसतो, म्हणून 'खोटं बोलले' असं लिहिण्याची घाई नको. दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या की वाचकाला पुरेसं कळतं. 'तांत्रिक अडचण' हे उत्तर असेल तर कोणती, किती जणांची आणि दुरुस्ती कुणाच्या हातात, एवढं विचारल्याशिवाय ते स्वीकारू नये. उत्तरच आलं नाही, तर प्रश्न कधी दिले आणि छपाईपर्यंत काय झालं, ते साध्या शब्दांत सांगायचं. महिन्यावार आकडे हवे असतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. शुल्क दहा रुपये, मजकूर दीडशे शब्दांत, विषय एकच. उत्तराची मुदत तीस दिवसांची, म्हणून तो बातमी थांबवून नव्हे, बातमीबरोबरच टाकायचा.

बातमीचं पहिलं वाक्य मग असं होईल: 'तपासलेल्या बारा पासबुकांपैकी सहांमध्ये एकाच महिन्यानंतर जमा नाही, हे सहाही लाभार्थी एकाच प्रवर्गातले आहेत.' 'शेकडो वृद्ध' असं लिहू नये, कारण बाराच पासबुकं पाहिली आहेत. आधारची किंवा हयातीच्या दाखल्याची अडचण असलेल्या चौघांसाठी वेगळी चौकट द्यावी, कारण त्यांचं काम निधी येऊनही होणार नाही; त्यांना बँकेत किंवा तलाठ्याकडे जायला हवं. फोटोत खातेक्रमांक आणि आधार क्रमांक झाकायचे. नाव छापण्यापूर्वी विचारायचं, आणि विचारताना हेही सांगायचं की पेपर कचेरीतही वाचला जातो. यादीतून नाव कटेल ही भीती या बायकांच्या मनात खरी असते. ती बाळगून कुणी नको म्हणालं, तर वय आणि गाव एवढ्यावर बातमी उभी राहते. पासबुकाचा पुरावा हाती असतोच.

बातमी आल्यावर बऱ्याचदा पैसे जमा होतात आणि कचेरीतून 'विषय निकाली' असा फोन येतो. तेव्हा त्याच सहा जणांची पासबुकं पुन्हा छापून घ्यावीत. कित्येकदा चालू महिन्याचे दीड हजार आलेले असतात आणि मधल्या चार महिन्यांचे सहा हजार आलेले नसतात. ती थकबाकी कधी मिळणार, हा तहसीलदारांना द्यायच्या पुढच्या पत्रातला पहिला प्रश्न.