प्रोलीनचा मोठा आवाज

इटलीच्या वायव्येला पिएमाँते नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथल्या बारोलो, ग्रिन्योलिनो आणि बार्बेरा या तीन वाइनच्या १७८ नमुन्यांची रासायनिक मोजणी जेनोआतल्या संशोधकांनी केली होती. प्रत्येक नमुन्यात अल्कोहोल, मॅग्नेशियम, रंगाचा गडदपणा अशा तेरा गोष्टी मोजल्या. १९९१ साली ही आकडेवारी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या संग्रहात जमा झाली. मशीन लर्निंग शिकणाऱ्याच्या हाती ती कधी ना कधी पडतेच. चव न घेता, नुसत्या आकड्यांवरून वाइन कोणती ते संगणकाला ओळखायला लावायचं, हा तिचा नेहमीचा उपयोग.

ओळखण्याची सगळ्यांत सोपी रीत शेजाऱ्यावरून माणूस ओळखण्यासारखी आहे. नवी बाटली आली की तिचे आकडे जुन्या बाटल्यांशी ताडून पाहायचे. जिचे आकडे सर्वांत जवळचे, तिचंच नाव नव्या बाटलीला द्यायचं. या रीतीला ‘निअरेस्ट नेबर’ म्हणतात. तिच्यात सगळी भिस्त ‘जवळ’ या शब्दावर आहे, आणि घोळही तिथेच होतो.

तेरापैकी दोनच रकाने घेऊ. एक प्रोलीन या अमिनो आम्लाचा. त्यातले आकडे २७८ पासून १,६८० पर्यंत जातात. दुसरा फ्लॅव्हनॉइड या घटकांचा. त्यातला सर्वांत लहान आकडा ०.३४ आणि सर्वांत मोठा ५.०८. ग्रिन्योलिनोत प्रोलीन सरासरी ५२० आणि फ्लॅव्हनॉइड २.०८ आहे. बार्बेरात प्रोलीन ६३० आणि फ्लॅव्हनॉइड ०.७८. म्हणजे या दोन वाइनमध्ये प्रोलीनचा फरक फारसा नाही. त्यांना वेगळं करतो तो फ्लॅव्हनॉइड.

आता समजा एक अनोळखी बाटली आली. तिच्यात प्रोलीन ५६० आणि फ्लॅव्हनॉइड ०.७५. फ्लॅव्हनॉइड पाहून आपण लगेच बार्बेरा म्हणू. संगणक मात्र अंतर मोजतो. ग्रिन्योलिनोच्या सरासरीपासून ही बाटली प्रोलीनमध्ये ४० ने आणि फ्लॅव्हनॉइडमध्ये १.३३ ने दूर आहे. पायथागोरसच्या नियमाने अंतर भरतं ४०.०२. बार्बेरापासून ती प्रोलीनमध्ये ७० ने आणि फ्लॅव्हनॉइडमध्ये फक्त ०.०३ ने दूर, अंतर ७०. संगणक सांगतो, ग्रिन्योलिनो. ज्या फ्लॅव्हनॉइडने खरी ओळख पटली असती, त्याचा सगळा वाटा ४० वरच्या ०.०२ एवढाच उरला.

प्रोलीन जास्त महत्त्वाचं आहे असं इथे कुणीही ठरवलेलं नाही. त्याचा आकडा मोठा आहे, कारण ते ज्या एककात मोजलं जातं त्यात तो मोठा येतो. तेच प्रोलीन हजारपट मोठ्या एककात लिहिलं असतं, तर ५६० चे ०.५६ झाले असते आणि त्याच बाटलीला संगणकाने बार्बेरा म्हटलं असतं. बाटलीतली वाइन तीच. उत्तर ठरवलं ते रकाना भरणाऱ्याच्या सवयीने. ही चूक मला फार गंभीर वाटते, कारण ती दिसत नाही. प्रोग्राम अडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, उत्तरही अगदीच वेडंवाकडं नसतं. बारोलोत प्रोलीन सरासरी १,११६ असल्यामुळे ती बरीचशी बरोबर ओळखली जाते. चुका साचतात त्या उरलेल्या दोन वाइनमध्ये. म्हणून एकूण अचूकतेवर समाधान मानू नये. कोणती वाइन कोणती समजली गेली याचा तक्ता काढून पाहावा, म्हणजे दुखणं कुठे आहे ते कळतं.

उपाय म्हणजे सगळे रकाने एका पट्टीवर आणणं. त्याच्या दोन रीती रूढ आहेत.

पहिली मिन-मॅक्स नॉर्मलायझेशन. रकान्यातल्या सर्वांत लहान आकड्याला ० आणि सर्वांत मोठ्याला १ धरायचं. बाकीचे मधे आपापल्या जागी बसतात. दुसरी स्टँडर्डायझेशन, म्हणजे प्रमाणीकरण. प्रत्येक आकड्यातून रकान्याची सरासरी वजा करायची आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागायचं. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारणपणे किती दूर पसरले आहेत त्याचं माप. ही दुसरी रीत आपण मनातल्या मनात वापरतोच. गणितात ८० गुण मिळाले म्हटल्यावर आपण विचारतो, वर्गाची सरासरी किती होती? आणि बाकीची मुलं सरासरीच्या आसपासच होती की विखुरलेली?

प्रोलीनचं प्रमाण विचलन सुमारे ३१५ आहे आणि फ्लॅव्हनॉइडचं जवळजवळ १. त्यांनी भागून आपल्या बाटलीची अंतरं पुन्हा मोजली, तर ग्रिन्योलिनोपासून १.३४ आणि बार्बेरापासून ०.२२ येतात. निकाल फिरला. मिन-मॅक्सने केलं तरी बार्बेराच ठरते. कोणती रीत चांगली यावर पुष्कळ वाद चालतात, पण अशा नीटनेटक्या आकडेवारीत दोन्हींतला फरक फार नसतो. पट्टी एक करणं महत्त्वाचं.

फरक पडतो तो आकडेवारीत एखादा भलताच आकडा शिरला की. समजा १,६८० लिहिताना एक शून्य जास्त पडलं आणि १६,८०० झाले. मिन-मॅक्समध्ये आता १ चं स्थान त्या चुकलेल्या आकड्याने बळकावलं. त्याच्या खालोखालचा खरा आकडा १,५४७ आहे, तो ०.०८ च्याही खाली गेला, आणि बाकीच्या १७६ बाटल्या ० ते ०.०८ च्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसल्या. प्रोलीनचा पसारा जवळपास बारापट आकसला. प्रमाणीकरणालाही धक्का बसतो, पण कमी: प्रमाण विचलन ३१५ वरून १,२४० च्या आसपास जातं, म्हणजे चौपट. कारण मिन-मॅक्सची पट्टी केवळ दोन टोकांच्या आकड्यांवर बांधलेली असते, तर सरासरी आणि प्रमाण विचलन ठरवायला सगळ्या १७८ बाटल्या लागतात. असे आकडे खूप असतील, तर सरासरीच्या जागी मध्यक घ्यावा आणि मधल्या निम्म्या आकड्यांच्या पसाऱ्याने भागावं. एका जादा शून्याने ती पट्टी जवळपास हलत नाही.

म्हणून माझं मत असं: जिथे टोकं खरोखरच ठरलेली आहेत तिथे मिन-मॅक्स शोभते. छायाचित्रातल्या ठिपक्याची उजळता ० ते २५५ मध्येच असते. तिथे २५५ ने भागावं आणि मोकळं व्हावं. शंभरपैकी गुणांचंही तसंच. पण वाइनमधल्या प्रोलीनला अशी कमाल मर्यादा नाही. उद्या १,८०० ची बाटली आली तर तिचं उत्तर १.०९ येईल आणि ‘० ते १’ हे वचन मोडेल. मोजमापाच्या अशा रकान्यांना प्रमाणीकरण बरं. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. प्रमाणीकरणाने आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत नाहीत. आकृती एका बाजूला कललेली असेल तर ती तशीच कललेली राहते. फक्त सरकते आणि लहान-मोठी होते.

आता मुख्य प्रश्न: ही खटपट कुणाला लागते? त्यासाठी मॉडेल आकड्याकडे कसं पाहतं ते पाहावं लागतं. डिसिजन ट्री एका वेळी एकाच रकान्याला प्रश्न विचारतो: प्रोलीन ७५५ पेक्षा जास्त आहे का? प्रमाणीकरणानंतर तोच प्रश्न ‘०.०२६ पेक्षा जास्त आहे का’ असा होईल आणि मिन-मॅक्सनंतर ‘०.३४ पेक्षा जास्त आहे का’ असा. डावीकडे गेलेल्या बाटल्या डावीकडेच जातात, उजवीकडच्या उजवीकडे. त्याला फक्त क्रम लागतो, आणि क्रम या दोन्ही रीतींत बदलत नाही. म्हणून रँडम फॉरेस्ट आणि ट्रीवर उभ्या असलेल्या बूस्टिंगच्या मॉडेलांना स्केलिंगची गरज नाही. प्रोलीन आणि फ्लॅव्हनॉइड एकमेकांत मिसळायची वेळच तिथे येत नाही.

उलट, जी मॉडेल सगळे रकाने एका बेरजेत किंवा अंतरात मिसळतात त्यांना ती हवी. निअरेस्ट नेबर पाहिलंच. गट पाडणारं के-मीन्स आणि सपोर्ट व्हेक्टर मशीन त्याच जातीची. पसरण सर्वाधिक कुठे आहे ते शोधणाऱ्या पीसीएची पहिली दिशा या आकडेवारीत, स्केल न करता, जवळपास निव्वळ प्रोलीनची निघते. न्यूरल नेटवर्कचं कारण थोडं वेगळं. ते उतारावरून एकेक पाऊल टाकत तळ गाठतं, आणि पावलाची लांबी सगळ्या दिशांना सारखीच धरलेली असते. रकाने विषम असले की दरी एका बाजूने कड्यासारखी आणि दुसऱ्या बाजूने जवळजवळ सपाट होते. पाऊल मोठं टाकलं तर कड्यावर आपटतं, लहान टाकलं तर सपाटीवर पुढे सरकतच नाही.

साध्या लिनिअर रिग्रेशनची गोष्ट अनेकांना चकवते. एकक बदललं की गुणक त्याच प्रमाणात उलटा बदलतो आणि भाकीत तेच राहतं. पण गुणक मोठे होऊ नयेत म्हणून रिज किंवा लॅसोमध्ये दंड लावला, की स्केलिंग अनिवार्य होतं. मिलिग्रॅममध्ये ०.००२ असलेला गुणक ग्रॅममध्ये २ होतो. रिजचा दंड गुणकाच्या वर्गावर असल्यामुळे तो दहा लाखपट वाढतो. एकाच पदार्थाला एककासाठी दंड, हे न्याय्य नाही.

करताना एक पथ्य पाळावं. सरासरी आणि प्रमाण विचलन फक्त शिकवण्याच्या बाटल्यांवरून काढावं, जपून ठेवावं, आणि चाचणीच्या व पुढे येणाऱ्या प्रत्येक बाटलीला तेच लावावं. सगळ्या बाटल्यांवरून आधीच काढलं तर चाचणीची माहिती शिकवणीत झिरपते. याहून वाईट म्हणजे नव्या बाटलीची सरासरी तिच्यापुरती काढणं. एका आकड्याची सरासरी तो आकडाच असतो, वजाबाकी शून्य. मॉडेल प्रत्येक बाटलीला एकच उत्तर देऊ लागलं, तर आधी इथे पाहावं.

आणि रकान्यांचं एकक खरोखरच एक असेल, उदाहरणार्थ जागेचं पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण अंतर मीटरमध्ये असेल, तर ते वेगवेगळे स्केल करू नयेत. तिथे मूळ अंतरच खरं असतं.

वाइनच्या या आकडेवारीसोबत एक छोटी टीप मिळते. तिच्यात काही पद्धतींची अचूकता दिली आहे: क्वाड्रॅटिक डिस्क्रिमिनंट ९९.४ टक्के, लिनिअर डिस्क्रिमिनंट ९८.९ टक्के, एक निअरेस्ट नेबर ९६.१ टक्के. पहिल्या दोन पद्धती रकान्यांच्या पसाऱ्याचा हिशेब स्वतःच करतात, त्यामुळे एककाने त्यांचं उत्तर बदलत नाही. ‘प्रमाणीकरण केलेल्या आकड्यांवर’ हा शेरा त्या टीपेत फक्त निअरेस्ट नेबरपुढे आहे.