सर्वांत मोठा चौरस, सर्वांत लहान शेजारी

आडव्या रांगा आणि उभे स्तंभ यांत आकडे मांडले की मॅट्रिक्स तयार होते. तिच्या प्रत्येक घरात फक्त ० किंवा १ असेल तर तिला बायनरी मॅट्रिक्स म्हणतात. अशा मॅट्रिक्समध्ये नुसत्या एकांनी भरलेला, एकही शून्य पोटात नसलेला सर्वांत मोठा चौरस शोधायचा, हा प्रोग्रॅमिंगमधला एक जुना आणि सुंदर प्रश्न. लीटकोड या सरावाच्या संकेतस्थळावर तो २२१ व्या क्रमांकावर आहे. नोकरीच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या तो चांगलाच ओळखीचा आहे. मात्र त्याचे सूत्र पाठ असणारे जितके भेटतात, तितके ते सूत्र बरोबर का हे सांगणारे भेटत नाहीत.

सरळसोट मार्ग म्हणजे प्रत्येक चौरस तपासून पाहणे. १००० रांगा आणि १००० स्तंभांच्या मॅट्रिक्समध्ये लहानमोठे मिळून ३३ कोटी ३८ लाख ३३ हजार ५०० चौरस बसतात. प्रत्येक चौरसातले प्रत्येक घर बघायचे ठरवले, तर सुमारे ३३ लाख कोटी वेळा घरे उघडून पाहावी लागतील. हे काम फुगते, कारण तेच ते घर शेकडो चौरसांच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा तपासले जाते. एकदा मिळालेली माहिती जपून ठेवली आणि पुढच्या पायरीला वापरली, तर याच मॅट्रिक्समधली १० लाख घरे एकेकदा ओलांडून उत्तर मिळते. लहान उत्तरांवरून मोठे उत्तर उभारण्याच्या या पद्धतीला रिचर्ड बेलमन या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात डायनॅमिक प्रोग्रॅमिंग असे नाव दिले.

जपून काय ठेवायचे, हा खरा प्रश्न. ‘आतापर्यंतचा सर्वांत मोठा चौरस’ एवढेच लक्षात ठेवून भागत नाही, कारण तो कुठे संपतो हे कळल्याशिवाय त्याला पुढे वाढवता येत नाही. म्हणून मॅट्रिक्सच्याच मापाचा दुसरा तक्ता घेतात. त्याच्या प्रत्येक घरात एक संख्या लिहायची: ज्याचा खालचा उजवा कोपरा नेमका याच घरात आहे, अशा एकांच्या सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू. मूळ घरात ० असेल तर तिथे कोणताच चौरस संपू शकत नाही, म्हणून तक्त्यातही ०. मूळ घरात १ असेल तर तीन शेजाऱ्यांकडे पाहायचे: वरचे घर, डावीकडचे घर, आणि या दोघांच्या मधले तिरपे घर. या तिघांतल्या सर्वांत लहान संख्येत १ मिळवला की झाले.

तक्ता डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली भरत गेल्यास हे तिन्ही शेजारी आधीच भरलेले असतात. पुढील मॅट्रिक्स ५ रांगांची आणि ६ स्तंभांची आहे:

```
१ १ ० १ १ १
१ १ १ १ १ १
० १ १ १ १ १
१ १ १ १ ० १
१ १ १ १ १ १
```

आणि तिच्यावरून भरलेला तक्ता असा:

```
१ १ ० १ १ १
१ २ १ १ २ २
० १ २ २ २ ३
१ १ २ ३ ० १
१ २ २ ३ १ १
```

पहिली रांग आणि पहिला स्तंभ जसेच्या तसे उतरले आहेत. कडेच्या घरात १ पेक्षा मोठा चौरस मावतच नाही. पुढे तिसऱ्या रांगेतले पाचवे घर पाहावे. मूळ मॅट्रिक्समध्ये तिथे १ आहे. तक्त्यात त्याच्या वर २, डावीकडे २, आणि तिरप्या घरात १ आहे. सर्वांत लहान १, म्हणून तिथे २ आले. वरचा आणि डावा शेजारी ३ बाजूच्या चौरसाला राजी होते, तिरप्याने अडवले. का अडवले, ते मूळ मॅट्रिक्समध्ये दिसते. इथे संपणारा ३ बाजूचा चौरस पहिल्या ते तिसऱ्या रांगेत आणि तिसऱ्या ते पाचव्या स्तंभात पसरला असता. त्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे पहिल्या रांगेतले तिसरे घर, आणि तिथेच शून्य बसले आहे. चौरसाच्या बाकी आठही घरांत १ आहेत.

त्याच रांगेतले शेवटचे घर घेतले तर वर २, डावीकडे २, तिरपे २. तिघांचेही एकमत झाले आणि ३ मिळाले. तक्त्यातली सर्वांत मोठी संख्या ३ च आहे आणि ती तीन ठिकाणी येते. म्हणजे सर्वांत मोठ्या चौरसाची बाजू ३, क्षेत्रफळ ९, आणि असे तीन चौरस या मॅट्रिक्समध्ये आहेत.

‘सर्वांत लहान’ हाच शब्द सूत्रात का, याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते. पहिली बाजू सोपी आहे. एखाद्या घरात ३ बाजूचा चौरस संपत असेल, तर त्याची खालची रांग आणि उजवा स्तंभ सोडून दिल्यास २ बाजूचा एक चौरस उरतो, आणि तो तिरप्या शेजाऱ्याच्या घरात संपतो. खालची रांग आणि डावा स्तंभ सोडल्यास उरलेला चौरस वरच्या शेजाऱ्याच्या घरात संपतो. वरची रांग आणि उजवा स्तंभ सोडल्यास डाव्या शेजाऱ्याच्या घरात. म्हणजे तिन्ही शेजाऱ्यांकडे निदान २ असलेच पाहिजेत. कोणाही एकाकडे कमी असेल तर ३ चा चौरस शक्यच नाही. यावरून घराची संख्या सर्वांत लहान शेजाऱ्यापेक्षा फार तर १ ने मोठी असू शकते, एवढे ठरते.

दुसऱ्या बाजूने, तेवढी मोठी ती नेहमी होतेच, हेही दाखवायला हवे. तिन्ही शेजाऱ्यांकडे निदान २ आहेत असे समजावे. ३ बाजूच्या चौरसाला चार कोपरे असतात. वरच्या डाव्या कोपऱ्याची हमी फक्त तिरपा शेजारी देतो, कारण बाकीच्या दोघांचे चौरस तिथवर पोचतच नाहीत. वरचा उजवा कोपरा फक्त वरच्या शेजाऱ्याच्या चौरसात येतो, खालचा डावा फक्त डाव्याच्या. खालचा उजवा कोपरा म्हणजे ज्या घराची संख्या काढायची आहे ते घर, आणि तिथे १ आहे हे आधीच तपासलेले असते. कडांवरची आणि मधली घरे या तीन चौरसांनी मिळून पुरती झाकलेली असतात. चौरसातले एकही घर निसटत नाही. बाजू ३ ऐवजी ३०० असली तरी हाच युक्तिवाद शब्दशः लागू पडतो.

कोपऱ्यांची ही वाटणी ध्यानात आली की नवशिक्यांची नेहमीची चूकही आपोआप कळते. वरचा आणि डावा असे दोनच शेजारी पुरेत, असे पुष्कळांना वाटते. फक्त दोन रांगांची मॅट्रिक्स घ्यावी: वर ० आणि १, खाली १ आणि १. शेवटच्या घराच्या वर १ आहे, डावीकडे १ आहे. दोघांवर विसंबले तर उत्तर २ येते आणि चौरसाच्या पोटात शून्य येते. तिरपा शेजारी ० सांगतो, म्हणून खरे उत्तर १. प्रोग्रॅम लिहिल्यावर ही चार घरांची परीक्षा आधी घ्यावी.

संपूर्ण तक्ता साठवण्याचीही गरज नसते. चालू रांग भरताना फक्त तिच्या लगतची वरची रांग लागते, म्हणून दोन रांगा पुरतात. पायथॉनमध्ये हे असे लिहिता येते:

```python
def largest_square(grid):
    prev = [0] * (len(grid[0]) + 1)
    best = 0
    for row in grid:
        cur = [0]
        for j, cell in enumerate(row):
            if cell == "1":
                cur.append(1 + min(prev[j + 1], cur[j], prev[j]))
            else:
                cur.append(0)
            best = max(best, cur[-1])
        prev = cur
    return best * best
```

प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला एक जादा शून्य ठेवले आहे, त्यामुळे कडेच्या घरांसाठी वेगळी अट लिहावी लागत नाही. त्या जादा घरामुळे क्रमांक एकाने सरकतात: `prev[j + 1]` हे वरचे घर, `prev[j]` तिरपे आणि `cur[j]` डावे. काही जण याहून पुढे जाऊन एकच रांग वापरतात. तसे करताना वरची जुनी संख्या पुसण्याआधी बाजूला काढून ठेवावी लागते, कारण पुढच्या घराला तीच तिरपा शेजारी म्हणून हवी असते. तसेच शून्याच्या घरात ० स्पष्टपणे लिहावे लागते, नाहीतर आधीच्या रांगेची संख्या तिथेच शिल्लक राहते.

आणखी दोन ठिकाणी पाय घसरतो. लीटकोडवरच्या या प्रश्नात ० आणि १ हे आकडे म्हणून येत नाहीत, अक्षरे म्हणून येतात. पायथॉनमध्ये `"0"` हे अक्षर रिकामे नसल्यामुळे खरे मानले जाते. `if cell:` एवढेच लिहिले तर प्रत्येक घर १ ठरते आणि रांगा व स्तंभ यांपैकी जे कमी असेल त्याचा वर्ग उत्तर म्हणून येतो. मॅट्रिक्स कोणतीही दिली तरी तेच उत्तर येत असेल, तर चूक इथे आहे. दुसरी चूक साधी: प्रश्नात क्षेत्रफळ विचारलेले असते आणि तक्त्यात बाजू असते. शेवटचा गुणाकार राहून जातो.

तक्त्यातून न मागता आणखी एक उत्तर हाती लागते. एखाद्या घरात ३ असेल, तर तिथे ३ बाजूचा चौरस संपतो, त्याच्या आत २ बाजूचा आणि १ बाजूचाही तिथेच संपतो. म्हणजे घरातली संख्या हीच तिथे संपणाऱ्या चौरसांची मोजदाद. वरच्या तक्त्यातल्या सर्व संख्यांची बेरीज ४२ येते. १ बाजूचे २७, २ बाजूचे १२ आणि ३ बाजूचे ३, असे एकांचे ४२ चौरस त्या मॅट्रिक्समध्ये आहेत.

एका घरासाठी एकच संख्या पुरते ती याच गुणामुळे: एका कोपऱ्यात संपणारे सगळे चौरस एकमेकांच्या पोटात बसतात, मोठा कळला की लहान कळलेच. आयतांचे तसे नसते. एकाच कोपऱ्यात संपणारा एक आयत उंच आणि अरुंद असतो, दुसरा बुटका आणि रुंद; त्यांतला कोणीच दुसऱ्यात मावत नाही आणि पुढे कोण वाढेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून सर्वांत मोठ्या आयतासाठी तीन शेजाऱ्यांचे सूत्र चालत नाही. तिथे प्रत्येक स्तंभात सलग किती एक आहेत ते मोजून स्टॅकच्या मदतीने उत्तर काढावे लागते. वरच्याच मॅट्रिक्समध्ये दुसऱ्या ते पाचव्या रांगेत आणि दुसऱ्या ते चौथ्या स्तंभात १२ घरांचा आयत आहे. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तक्ता फक्त ३ दाखवतो.