कुलूप एक, बोटं तिघांची

शेजारच्या काकूंच्या घरी चांगला फोन एकच. दिवसा काकूंकडे, संध्याकाळी मुलाच्या क्लासच्या ग्रूपसाठी, रात्री काकांच्या बातम्यांसाठी. माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, यावर काकूंचं धाकट्या बहिणीशी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चाललं होतं. निर्णय होईपर्यंत ते घरात कुणाला कळू नये, म्हणून त्यांनी त्या चॅटला कुलूप लावलं. चौथ्या दिवशी जेवताना मुलानं विचारलं, "आई, तू सही करणार नाहीयेस?"

कुलूप बिघडलं नव्हतं. ते नेमकं काय विचारतं, तेवढं काकूंना ठाऊक नव्हतं.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कुलपं दोन. एक सगळ्या अ‍ॅपला, सेटिंग्जमध्ये Privacy खाली App lock नावाचं. अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावर ते लगेच लागावं, एका मिनिटानं की अर्ध्या तासानं, हे अँड्रॉइडवर आपण ठरवायचं. अर्धा तास ठेवलात, तर तेवढ्या वेळात फोन हाती घेणाऱ्याला सगळं उघडंच. पण जिथं मुलाला रोज त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ बघायचा असतो, तिथं सगळं अ‍ॅप बंद करून चालत नाही. दुसरं कुलूप फक्त एका चॅटचं, २०२३ च्या मे महिन्यात आलेलं. चॅटवर बोट दाबून धरायचं, मेनूतून Lock chat निवडायचं. ते चॅट यादीतून निघून Locked chats नावाच्या कप्प्यात जातं. नवा मेसेज आला तरी सूचनेत ना नाव दिसतं ना मजकूर.

आता मेख कुठे आहे ती पाहू. तुमच्या बोटाचा ठसा व्हॉट्सअ‍ॅपकडे नसतो. ते फोनला विचारतं आणि फोन हो किंवा नाही एवढंच सांगतो. फोनच्या लेखी नोंदलेली सगळी बोटं सारखीच. बोट काकूंचं की मुलाचं, हे तो अ‍ॅपला कळवत नाही. मुलाचं बोट काकूंनीच मागच्या वर्षी हौसेनं नोंदवलं होतं. ते नोंदवलं नसतं तरी फारसा फरक पडला नसता, कारण बोट जुळलं नाही की फोनचा पिन चालतो आणि तो चार आकडी पिन घरात सगळ्यांना पाठ.

चेहऱ्याची गंमत आणखी वेगळी. स्वस्तातल्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये साध्या सेल्फी कॅमेऱ्यानं चेहरा ओळखतात. त्यानं फोन उघडतो. पण ही ओळख कच्ची धरली जात असल्यानं अँड्रॉइड ती अ‍ॅपच्या कुलपाला वापरू देत नाही. चेहरा दाखवूनही व्हॉट्सअ‍ॅप बोटच मागत असेल, तर कारण हेच. आयफोनचा फेस आयडी पक्का असतो आणि डोळे उघडे ठेवून फोनकडे पाहिल्याशिवाय सहसा उघडत नाही. बोटाला झोपेतही हरकत नसते!

म्हणून सामायिक फोनवर खरी राखण करतो तो Secret code. तो २०२३ च्याच नोव्हेंबर अखेरीस आला. लॉक केलेल्या चॅटच्या कप्प्यात शिरून वरच्या तीन ठिपक्यांतून Chat lock settings मध्ये जायचं, फोनच्या पिनपेक्षा वेगळा कोड ठेवायचा आणि Hide locked chats सुरू करायचं. मग तो कप्पाच यादीतून नाहीसा होतो. चॅटच्या शोधपट्टीत पूर्ण कोड टाइप केला, तरच तो दिसतो. कोडमध्ये अक्षरं, आकडे, इमोजी काहीही चालतं. जन्मतारीख तेवढी नको. आणि कोड विसरलात, तर तो बदलण्यासाठी कुलपातली सगळी चॅट पुसावी लागतात, हे आधीच जाणून ठेवा.

काकूंनी कोड ठेवला. तरी एक फट राहिली होती. कुलूप लावण्यापूर्वी बहिणीनं सातबाऱ्याचे फोटो पाठवले होते, ते फोनच्या गॅलरीत तसेच पडून होते. ते हातानं पुसावे लागले. शिवाय चॅट लपलं, तरी बहिणीचा व्हॉट्सअ‍ॅप कॉल नावानिशी वाजणारच. दुपारी फोन आपल्याकडे असतानाच कर, असं काकूंनी तिला सांगून ठेवलं.

मग आम्ही फोनच्या सेटिंग्जमधली बोटांची यादी उघडली. चार नोंदी, कुणाचंच नाव नाही. अशा वेळी बऱ्याच फोनवर त्या यादीत असतानाच सेन्सरवर बोट टेकवलं, की ज्याची त्याची ओळ उजळते. काकूंनी आधी उजवा अंगठा टेकवला, मग डावा. दोन ओळी उजळल्या. उरलेल्या दोन मुलाच्या असाव्यात असं आम्हाला वाटलं. त्याला बोलावून बोट टेकवायला लावलं, तर एकच उजळली. चौथी काकांची निघाली.